जांभळीखालच्या शेताला, जाता जाता

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, देवापुढे नाही, चार पेग पोटात गेल्यावर दोस्तांपुढेही नाही. आज तुला सांगतो — आधी तुला, कारण चोरी तुझ्या घरची होती. तू म्हणशील, मला काय सांगतोस, मला तर सगळं ठाऊकच आहे. आहेच. पण ठाऊक असणं वेगळं आणि ज्यानं केलं त्यानं समोर बसून सांगणं वेगळं, नाही का?

उद्या अक्षय्य तृतीया. उद्यापासून तू माझ्या पोराचं, नितीनचं. माझे गुडघे आता चिखलात उतरत नाहीत. उतरले तर वर येत नाहीत. मागच्या लावणीला पोरींनी हाताला धरून मला ओढून काढलं आणि दिवसभर हसल्या. तेव्हाच ठरवलं, आता पुरे. नितीन पडघ्याच्या गोदामात ड्युटी करतो, पण मन इथं असतं त्याचं. रोपं टाकायच्या जागेवरचा राब यंदा त्यानंच भाजला. शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत, वरून बारीक माती — थर असे बसवले की आग भडकली नाही, नुसती धुमसत राहिली. राब असाच भाजावा लागतो. भडकला की माती जळते आणि तण मात्र राहतं. पोरगं शिकलं, म्हटलं. ऊर भरून आला माझा.

मग काल या विटा आल्या.

बघतंयस ना? वरच्या बांधाला लागून रचल्यात. नितीनला सिमेंटची भिंत घालायची आहे, वरच्या शेताचं पाणी कायमचं बंद करायला. का, तर वरच्यांच्या पाण्यानं आमची माती नेली, असं आमच्या घरात चाळीस वर्षं सांगितलं जातं. कुणी सांगितलं? माझ्या बाबांनी. त्यांना कुणी सांगितलं?

थांब. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन. या कामात मी तरबेज आहे.

मी चोवीस-पंचवीसचा होतो. धामणकर नाक्याजवळ एका कापड कारखान्यात लूमवर जायचो, एक शिफ्ट मारून घरी. बाबांची कंबर गेलेली. ते ओट्यावर बसून असायचे, ओहोळ ओलांडून तुझ्यापर्यंत येणं त्यांना जमत नसे. म्हणजे शेत माझ्याच हातात. घरात आजारपण नव्हतं, देणं नव्हतं, कुणाचं लग्न अडलेलं नव्हतं. मला मोटारसायकल हवी होती. बस, एवढंच. लूमवरची पोरं फटफटीवर यायची आणि मी टांग्यासारख्या रिक्षात कोंबून घेऊन. लाज वाटायची मला.

वीटभट्टीवाला माती शोधत फिरत होता. भाताच्या शेतातली वरची माती त्यांना सोन्यासारखी — चिकट, बारीक, तूस मिसळलं की वीट सुरेख निघते. मी तुला दाखवलं. एका आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या आणि तुझी वीतभर माती गेली. वीतभर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणू का? कळत होतं. भाताची मुळं जगतात ती तेवढ्यातच. त्याच्या खाली चिखलणीनं घट्ट झालेला थर, पाणी धरून ठेवणारा, आणि त्याखाली मुरूम. भट्टीच्या माणसांनी तो घट्ट थरही जागोजाग फोडला. गावाला सांगितलं, सपाटीकरण करतोय. वरच्या शेतवाल्या इब्राहिमचाचाला पण तेच सांगितलं. ट्रॉल्या त्याच्या बांधावरून न्यायच्या होत्या, म्हणून परवानगी मागितली. घेऊन जा, म्हणाला.

इब्राहिमचाचा आणि बाबा म्हणजे काय होते, तुला आठवत असेल. एक बैल आमचा, एक त्याचा. दोघांची मिळून जोडी व्हायची आणि दोन्ही शेतं चिखलायची. आमची लावणी त्याची माणसं करायची, त्याची आम्ही. असं सावडीनं चालायचं. बांधावर भाकरी पण एकाच फडक्यात.

लावणीच्या आधी बाबा दरवर्षी मूठभर चिखल मागायचे. बोटात चोळून बघायचे, कधी नाकाला लावायचे. त्या वर्षीही मागितला. मी काय केलं? बांध ओलांडला आणि इब्राहिमचाचाच्या शेतातला चिखल भरून नेला. बाबांनी चोळला. "माती झकास हाय," म्हणाले, आणि तुझं नाव घेऊन हसले. मी तिथंच उभा होतो.

श्रावण सरत आला आणि तू पिवळं पडलंस. पाणी टिकेना. एका रोपाला जिथं मूठभर फुटवे यायचे तिथं दोन-तीन. घरात भात आलं ते बघून बाबांनी विचारलं, असं कसं झालं? आणि माझ्या तोंडून निघालं — एकदम, अगदी सहज — की चाचानं पाण्याच्या वाटेला मोरी बांधली नाही, वरचं पाणी लोंढ्यानं आलं आणि माती घेऊन ओहोळात गेलं. त्या पावसात वरचा बांध हातभर फुटलाही होता. खोटं बोलायला तेवढी भेग पुरते.

बाबांनी सावड मोडली. बैल परत आणवला. इब्राहिमचाचा घरी आला होता, विचारायला की झालं काय. बाबांनी तोंड फिरवलं. चाचानं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची साखळी पुसत होतो.

आता तुझं सांगतो, कारण तुझ्यासारखं मी कुणी पाहिलं नाही.

तू मेलं नाहीस. मी शेणखत ओतलं, गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला, भात काढलं की ओलीवर वाल पेरला, पेंढा कुजवला. भीतीनं केलं सगळं, प्रेमानं नाही. पण तू भीती-प्रेम बघितलं नाहीस. मिळेल ते घेतलंस आणि जिरवलंस. मुरमावर आधी बोटभर काळी साय धरली, मग दोन बोटं. गांडुळं परत आली तेव्हा मी वेड्यासारखा वाकून बघत बसलो होतो. माणसाची साल काढली तर माणूस उभा राहील का? तू राहिलंस. आणि कधी माझ्या तोंडावर मारलं नाहीस.

तरी एवढं सगळं माझ्या शेणखतानं झालं असं मी समजत होतो. तेही खोटंच निघालं.

दोन पावसाळ्यांनंतरची गोष्ट. रोहिण्या-मृगाचं गढूळ पाणी वरून धो धो तुझ्यात उतरताना दिसलं. पूर्वी त्या पाण्याची वाट कडेनं ओहोळात जायची. ती दगड-ढेकळांनी बुजवलेली, आणि बांधाला नवी मोरी पाडलेली, थेट तुझ्या डोक्यावर. मी तावातावानं वर गेलो. म्हटलं, सूड घेतोय म्हातारा. चाचा फावडं घेऊन उभा होता, गुडघाभर चिखलात.

"तुझ्या ट्रॉल्या माझ्याच बांधावरनं गेल्या व्हत्या, बाळाराम," तो म्हणाला. "मला ठाऊक हाय. या पान्यात गाळ हाय. खालची मोरी बंद कर, पानी थांबू दे, गाळ बसू दे, मंग सोड."

त्यानं फावड्यानं मोरीतलं एक ढेकूळ बाजूला केलं.

"बाबाला तुझ्या मी सांगनार न्हाय. ते काम तुझं."

दरवर्षी सोडलं त्यानं ते पाणी. त्याचं स्वतःचं शेत धुऊन यायचं त्यात, बारीक, मऊ, सगळ्यात चांगली माती. ज्याच्या नावावर मी तुझी माती खपवली, तो आपली माती तुला देत राहिला. शेजारी असा असतो होय? मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि त्यानं माझ्यावर सोडलेलं ते एक काम — ते मी केलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. बाबा त्यानंतर सात-आठ वर्षं होते. रोज संध्याकाळी ओट्यावर भेटायचे. मयताला चाचा आला, मागे उभा राहिला, माती दिली आणि गेला. पुढे तोही गेला. त्याची मोरी अजून तशीच आहे. त्याचा सलीम दरवर्षी नीट करतो. का करतो ते त्यालाही माहीत नसेल. बाप करायचा म्हणून.

आणि नितीन तिथंच भिंत घालणार.

हे बघ, आला तो. हातात दोरी आहे.

*

सांगितलं. तू ऐकलंसच म्हणा.

दोरीचं एक टोक त्यानं माझ्या हातात दिलं होतं, भिंतीची रेघ धरायला. मी ते सोडलं नाही, धरूनच सगळं बोललो. भट्टी, गाडी, चिखलाची मूठ, मोरी. माझं केलेलं काही गाळलं नाही. तो विटांवर बसला. एक वीट उचलून उलटीपालटी केली आणि ठेवून दिली.

"आजोबांना कळलं व्हतं?"

"न्हाय."

"कवाच?"

"कवाच न्हाय."

मग म्हणाला, "मला सलीमच्या अंगणात खेळू देत नव्हते आजोबा. मी एकदा गेलो तर मारलं व्हतं." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

दोरी त्यानं गुंडाळली, माझ्या हातातलं टोकही काढून घेतलं. विटा घराच्या मागे न्हाणीला लावतो, म्हणाला. मग वर बघितलं. सलीम आपल्या शेतात राबाची राख पसरत होता.

"त्याला ठाऊक हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी सांगनार न्हाय, बाबा," नितीन म्हणाला.

त्याला माहीत नव्हतं, हेच वाक्य आधी चाचानं म्हटलं होतं. मी माहीत करून दिलं नाही. चप्पल काढली, मोरीच्या बाजूनं बांधाला हात टेकले. गुडघा बोलला, पण चढलो. ज्या जागेवरून चिखल चोरून नेला होता, तीच जागा.

सलीमनं हातातलं टोपलं खाली ठेवलं. या काका, बसा, म्हणाला.

मी बसलो नाही. उभ्यानंच सुरुवात केली.