सुटा नग मिळणार नाही

अण्णांना त्या बाईंविषयी खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसले, पण बाई कुठं राहतात, घरी कोण कोण आहे, दुपारी जिन्यात जाऊन हळू आवाजात कुणाशी बोलतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही म्हणा, किंवा आज नाही तर उद्या विचारू असं वाटत राहिलं म्हणा. तेव्हा इथं जे सांगायचं ते टेबलाच्या अलीकडून जेवढं दिसलं तेवढंच.

तयार कपड्यांच्या होलसेलच्या त्या गाळ्यात खाली गठ्ठे, वर ऑफिस. ऑफिस म्हणजे एक पंखा, एक लांब टेबल आणि शेठची काचेची खोली. अण्णा पूर्वी छापखान्यात होते. म्हातारपणी शेठनं त्यांना कॅटलॉगच्या फोटोखालचा मजकूर लिहायला ठेवलं. काम बेताचं, पण मजकुरात एक ओळ कमी पडली तर दिवसभर फोन वाजायचा. म्हणून अण्णांनी एक साचा ठरवून टाकला होता:

“डिझाइन ४१२. लेडीज कॉटन टॉप, पुढं बटणपट्टी, दोन खिसे. रंग तीन. साईज एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. एका सेटमध्ये एका रंगाचे चार नग, प्रत्येक साईजचा एक. किमान ऑर्डर: एका डिझाइनचे तीन सेट. फक्त दुकानदारांसाठी. भावासाठी दुकानाचं नाव आणि पाटीचा फोटो खालील नंबरवर पाठवा.”

भाव छापायचा नाही, हा शेठचा पहिला नियम. छापला की तो उद्या गिऱ्हाइकाच्या हातात, आणि परवा दुकानदार आपल्या उरावर. म्हणून भाव फोनवर, तोही माणूस पारखून. ते पारखायचं काम बाईंचं. खालचा नंबर त्यांचाच होता, त्यांच्या स्वतःच्या फोनचा. धंदा लहान होता तेव्हा दिला, तो तसाच राहिला. सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. चौकशी यायची म्हणून, आणि त्या करायच्या म्हणूनही.

पाटीचा फोटो काय, कुणीही कुणाच्याही दुकानाचा काढेल. बाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या गोड आवाजात विचारायच्या, “दादा, तुमच्याकडे शेवटी पडून कुठला साईज राहतो?” खरा दुकानदार हे ऐकलं की उसासा टाकून रडगाणंच सुरू करायचा. घरच्या चार बायकांसाठी स्वस्तात टॉप काढू पाहणारी मंडळी म्हणायची, “आमच्याकडे सगळं खपतं.”

“सगळं खपतं म्हणे,” फोन पालथा ठेवत बाई म्हणायच्या. “यांचं दुकान स्वर्गात असणार.”

अण्णा हसायचे. एवढंच काय ते दोघांचं नातं.

एक दिवस पुतळीवाले जिना चढून वर आले. हे जुने दुकानदार. त्यांच्या दारात एक हात तुटलेली पुतळी उभी असायची, नवा टॉप घालून. त्यावरून हे नाव. एरवी आधी पाणी मागणारा माणूस. त्या दिवशी सरळ काचेच्या खोलीत शिरला आणि शेठच्या नाकासमोर फोन धरला.

“हे काय चाललंय शेठ? माझं गिऱ्हाईक मला म्हणतं, काका, लुटता की काय? आणि हे दाखवतं.”

फोनवर ४१२ चा फोटो होता. खाली अण्णांचा मजकूर नव्हता. त्याऐवजी कुणीतरी लिहिलं होतं: “होलसेल भावात. सुटा नगसुद्धा मिळेल. एम आणि डबल एक्सएल.” पुढं भाव. बरोब्बर शेठचा भाव, एका पैचा फरक नाही. शेवटी एक अनोळखी नंबर.

“असं असेल तर मी पुढचा माल उचलत नाही,” पुतळीवाले म्हणाले. “बाकीच्यांनाही सांगतो. आम्ही काय भाडं भरून पुतळ्या नाचवायला बसलोय?” तो फोटो त्यांनी शेठच्या फोनवर टाकला आणि पाणी न पिता उतरून गेले.

शेठनं अण्णांना आत बोलावलं आणि दार लावलं. ते दार सहसा लागत नसे.

“अण्णा, फोनवर भाव कोण सांगतं?”

“बाई.”

“मी सांगत नाही, तुम्हाला माहीत नाही. ज्यांनी माल घेतलाय त्या दुकानदारांना ठाऊक आहे, पण आपला खरेदीचा भाव गावभर करून कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल? मग राहिलं कोण?” शेठ कपाळ चोळत बसले. “उद्याच्या मजकुरात बाईंचा नंबर नको. माझा घाला. सध्या त्यांना काही बोलू नका. नुसतं लक्ष ठेवा.”

नंबर गेला की बाईंचं काम गेलं. मग त्या टेबलावर त्यांनी बसायचं कशासाठी? अण्णांना ते कळत होतं, आणि शेठलाही.

पण अण्णांच्या मनात त्याआधीच पाल चुकचुकली होती. शेठनं फोन पुढं केला तेव्हा तो फोटो त्यांनी नीट पाहिला होता. खालचा मजकूर कुणी कापलेला नव्हता. फोटो मुळातच कोरा होता. आणि असे कोरे फोटो अण्णा फक्त एकाच माणसाला काढून देत. “अण्णा, मजकुराशिवायचे पाच-सहा द्या ना,” असं बाई अधूनमधून म्हणायच्या. कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

हे त्यांनी शेठला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई त्याच संध्याकाळी घरी गेल्या असत्या. न सांगून आपण चोराला पांघरूण घालतोय का, हाही प्रश्न होताच. टेबलावर परत येऊन बसले तर समोर बसलेली बाई एकदम परकी वाटायला लागली. तो पालथा फोन. ते जिन्यातलं हळू बोलणं. आजवर जे साधं वाटत होतं त्या प्रत्येक गोष्टीत पाणी मुरतंय असं वाटू लागलं. बाईंनी पेन मागितलं तरी अण्णा दचकले.

“अण्णा,” बाई थोड्या वेळानं म्हणाल्या, “तुमच्याकडे कुठला साईज अडकलाय?”

“काय?”

“मघापासून बघतेय. पडून राहिलेल्या मालासारखं तोंड झालंय. पुतळीवाले पाणी न पिता गेले, शेठनं दार लावलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही. बोला की.”

अण्णांना खोटं बोलता येत नसे. येत असतं तर छापखान्यात जरा वर चढले असते. त्यांनी सगळं सांगून टाकलं, नंबर बदलायचं सोडून. आणि शेवटी चाचरत विचारलं, “ते कोरे फोटो तुम्ही कुणाला देता?”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे तुम्हीसुद्धा,” त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “अहो, तुमच्या मजकुराखाली आपला नंबर असतो. दुकानदार तो फोटो गिऱ्हाइकाला दाखवेल का? ज्यांच्याकडे माल गेलाय त्यांना मी कोरा पाठवते. ते स्वतःचं नाव आणि स्वतःचा भाव टाकतात. सगळीकडे असंच चालतं.”

त्या उठून काचेच्या खोलीत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. “शेठ, तो फोटो दाखवा.”

शेठनं नाइलाजानं फोन पुढं केला. बाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“एम आणि डबल एक्सएल,” त्या म्हणाल्या. “मधले दोन कुठं गेले?”

“म्हणजे?”

“मी भाव फोडला असता तर त्या माणसाकडे माल कुठून आला? आपण सुटा नग देत नाही. ज्याच्याकडे फक्त टोकाचे साईज आहेत, त्यानं सेट घेतलाय, एल आणि एक्सएल विकलेत आणि उरलेलं काढतोय. हा दुकानदार आहे शेठ.”

शेठच्या चेहऱ्यावरचा संशय काही गेला नाही. तोंडानं काय, कुणीही काहीही सांगेल. ते बाईंनाही दिसलं. त्यांनी टेबलावरचा ऑफिसचा फोन ओढला, तो नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला.

“हॅलो, ते टॉप तुमच्याकडेच ना? मला एल पाहिजे होता.”

“एल नाही हो ताई,” पलीकडे एक तरुण बाई होती. “एम आहे, डबल एक्सएल आहे. कापड छान आहे. पडून पडून घडीवर नुसत्या रेषा यायला लागल्यात, म्हणून खरेदीभावात काढतेय.”

“बरं, एम द्या. घ्यायला कुठं येऊ?”

“दुकानातच या की. दारात हात तुटलेली पुतळी आहे बघा, कुणीही सांगेल. फक्त गल्ल्यावर सासरे बसतात, त्यांच्यापुढं भावाचं काढू नका. त्यांना वाटतं एक दिवस सगळं पूर्ण किमतीत जाईल. मागच्या दारानं मला हाक मारा, हा नंबरही त्यांना ठाऊक नाही.”

“येते,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शेठ हसायला लागले, मग बाईंचं तोंड बघून थांबले.

“बाई, माझं जरा—”

“सेट बदला,” बाई म्हणाल्या. “एल आणि एक्सएल दोन-दोन घाला. नाहीतर सगळ्यांच्याच सुना मागच्या दारात बसतील.”

पुतळीवाल्यांना सुनेचं कुणी सांगितलं नाही. ते पुढच्या आठवड्यात आले, पाणी प्याले, नवा सेट ऐकून खूश झाले. “अक्कल आली तुम्हाला,” शेठला म्हणाले.

बाईंचा नंबर ठेवा, असं शेठनं दुसऱ्याच दिवशी अण्णांना सांगितलं. बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, नको. नंबर माझा आहे, तो मी घेऊन जाते. मला घरीसुद्धा डबल एक्सएलचेच फोन येतात. शेठनं समजावलं, पगाराचं बोलले. बाई ऐकून घेत राहिल्या, जशा भाव विचारणाऱ्या अनोळखी माणसाचं ऐकत तशा. महिनाअखेरीपर्यंत येईन म्हणाल्या आणि आल्या. रोज वेळेवर, रोज तसंच. त्या महिन्यात कुणी दादा “सगळं खपतं” म्हणाला तरी त्या अण्णांकडे बघून काही बोलल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चार्जर गुंडाळून पिशवीत टाकला. अण्णा ४१२ चा मजकूर नव्यानं लिहीत होते. पुष्कळ बोलायचं होतं. निदान जिन्यात कुणाशी बोलता, एवढं तरी विचारायचं होतं.

“सेट सहा नगांचा,” ते म्हणाले. “एम एक, एल दोन, एक्सएल दोन, डबल एक्सएल एक. आणि किमान ऑर्डर?”

“दोन सेट लिहा. बारा नग तेवढेच होतात.”

“सुटा नग मिळणार नाही, हे वर लिहू की खाली?”

“वर लिहा. खालचं कुणी वाचत नाही.”

“बरं.”

“पंखा बंद करून जा अण्णा,” बाई म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.