वाटीतली अर्धी नळी

शेजारच्या काकूंकडे मी वाटीभर चिवडा पाठवला होता. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा आमच्या नेरुळच्या सोसायटीतला अलिखित कायदा. वाटीत घालायला काही नव्हतं म्हणून काकूंनी कुत्र्याच्या गोचिडांच्या औषधाची उरलेली अर्धी नळी घातली.

"दिरानं अमेरिकेहून आणलंय. आमच्या कुत्र्याला एक गोचीड राहिली नाही बघ. तुझ्या मांजरीला चार थेंब लाव."

मी लावले. नळीवर 'फक्त कुत्र्यांसाठी' असं बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं. कचेरीत दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणाऱ्या मला ते वाचायची बुद्धी झाली नाही.

दुपारी मांजरीचे कान फडफडू लागले. पाठीची कातडी थरथरली, तोंडातून लाळ गळू लागली. वाशीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, कुत्र्याचं औषध लावल्याचं सांगितलं.

"नळीवर काय लिहिलंय?"

"परमेथ्रिन."

"आकडी आलीय का? आली असेल तर तशीच घेऊन या."

"नाही. नुसती थरथरतेय."

"मग लगेच कोमट पाण्यानं धुवा. गरम नको, गार नको. भांड्यांचा पातळ साबण वापरा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, अंग चाटू देऊ नका. दूध, तेल काही पाजू नका, उलटी करवू नका. कोरडी करा, टॉवेलात गुंडाळा आणि नळीसकट निघा."

मी काकूंना हाक मारली; साबण त्यांनीच आणला. मी तिला धुतलं, त्यांनी धरलं. दोघींचे हात ओरबाडले गेले. मी त्यांच्यावर खेकसले, त्या माझ्यावर. मांजर मात्र दोघींवर गुरगुरली, आणि ते गुरगुरणं मला गोड वाटलं. अजून जोर होता तिच्यात.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं. म्हणाले, "हे औषध मज्जातंतूंना शांत बसू देत नाही. कुत्र्याचं यकृत ते झटपट मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. तिच्यासाठी चार थेंब म्हणजे विष. लगेच धुतलंत, हे फार चांगलं केलंत."

दोन दिवस तिला तिथंच ठेवलं. मी हाफ डे टाकून तिच्या पिंजऱ्यापाशी बसत होते, आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. काकू दारात हजर, तीच वाटी घेऊन, तळलेल्या मांदेल्यांनी भरलेली. मी "बसा" म्हणेपर्यंत मांजरीनं टेबलावर उडी मारली आणि एक मांदेली पळवली. काकू डोळे पुसत हसल्या, मीही. दोघींनी टाळ्या वाजवल्या, जिना दणाणला.

वाटी दुसऱ्या दिवशी परत केली. आत बेसनाचे लाडू होते, आणि वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'कुत्र्याचं औषध मांजराला कधीही नाही.' काकूंनी ती फ्रिजवर चिकटवली. मी माझ्यासाठीही एक लिहिली होती.