आपत्ती असल्यास लेखी कळवावे

जिल्ह्याच्या दूध संघात मला भाषांतराचं काम मिळालं ते मांजरसुंब्याच्या ढाब्यामुळं. मामाच्या त्या ढाब्यावर मी दोन वर्षं ट्रकवाल्यांशी हिंदी बोललो होतो. तेवढ्या भांडवलावर चेअरमननी ठरवलं, "ह्याला हिंदी लई चांगलं येतंय." आमच्याकडं प्रत्येकालाच हिंदी येते. निजाम जाताना तेवढा गैरसमज मागं ठेवून गेलाय.

दुष्काळ होता. सभासदांना पशुखाद्य वाटायचं होतं आणि वाटपाची नियमावली वरून हिंदीत आली होती. मी ती एका बैठकीत मराठी करून टाकली. मजकूर तपासायला वडवणीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या हिंदीच्या बाई होत्या. त्यांनी हिंदी पानं उलटी ठेवली आणि माझं मराठी मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'संस्थेने सदस्यांच्या शिक्षेची सोय करावी.' काय गुन्हा केला रे सदस्यांनी?"

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे ढाब्यावर कुणी सांगितलं नव्हतं.

"'आजारी जनावरांच्या खुनाची तपासणी पशुवैद्य करतील.' खून झाल्यावर पशुवैद्य कशाला? फौजदार बोलव."

मग त्यांनी मूळ हिंदी शेजारी घेतलं आणि तिकडून इकडं जसाच्या तसा आलेला प्रत्येक शब्द लाल पेन्सिलीनं गोल केला. कायद्यातल्या 'संशोधना'ची त्यांनी 'दुरुस्ती' केली. "अवघड शब्द तू कोशात बघतोसच," त्या म्हणाल्या. "ओळखीचा दिसतो त्याचीच झडती घ्यायची. तो शब्द आपल्याकडं काय काम करतो, ते विचारायचं."

माझं पान गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. मला राग आला. म्हणून लाभार्थ्यांच्या यादीसोबत लावायची सूचना हिंदीत आली, तेव्हा मी ती बाईंना दाखवलीच नाही. चार ओळींना कशाला बाई? शेवटची ओळ मी लिहिली: 'कोणास आपत्ती असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.' गावोगावच्या दूध संस्थांच्या दारावर ती चिकटली.

तिसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. एकाची बोर आटली होती. एकाची म्हैस गाभडली होती. गेवराईकडच्या एका गड्यानं सासू कायमची राहायला आल्याचं कळवलं होतं. आम्ही कारकून हसून हसून दमलो. मग एक म्हातारी स्वतः अर्ज घेऊन आली. कुणाकडून तरी लिहून घेतला होता: चार म्हशी होत्या, एक उरली, आपत्ती आहे.

"कुटं सही करू?" तिनं विचारलं. माझं हसू तिथंच थांबलं.

मी सगळा गठ्ठा बाईंपुढं ठेवला. त्यांनी मूळ हिंदी मागितलं, एकदा वाचलं आणि चष्मा काढला.

"हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. यादीवर हरकत असेल तर कळवा, असं होतं ते. तू दुष्काळात लोकांना संकटं विचारलीस."

पुढचं त्याहून वाईट होतं. सात दिवसांत यादीवर एकही हरकत आली नव्हती, म्हणून चेअरमन ती मंजूर करायला निघाले होते. यादीत त्यांचे मेहुणे होते. मेहुण्यांच्या घरी मांजरसुद्धा नव्हतं. म्हातारीचं नाव मात्र यादीत नव्हतं.

बाई मला घेऊन संचालकांच्या बैठकीत गेल्या. सूचना परत लावा, म्हणाल्या.

"एका शब्दासाठी पुन्हा सात दिवस?" चेअरमन म्हणाले. "कावून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "चूक माझी हाय," मी म्हणालो. "लोकांना हरकत घ्यायची संधीच मिळाली न्हाई."

"तुला हिंदी येतंय म्हनलतो मी!"

"तीच तर चूक झाली साहेब," बाई म्हणाल्या. दोन संचालक खोकल्याचं सोंग करून हसले.

नवी सूचना लागली. 'हरकत' हा शब्द आमच्या जिल्ह्याला फार लवकर समजतो. पहिल्याच दिवशी मेहुण्यांविरुद्ध कागद आले. आधीच्या अर्जांतून बाईंनी खरोखर जनावरं असलेली, पण यादीतून सुटलेली माणसं शोधून काढली.

वर हिंदीत अहवाल पाठवायचा होता. मी जोशात लिहिलं, 'सदस्यों की बहुत हरकतें आईं.' ह्या वेळी मात्र आधी बाईंना दाखवलं.

"हिंदीत हरकत म्हणजे चाळे," त्या म्हणाल्या. "खोटं नाही म्हणा. पण बदल."

मेहुण्यांचं नाव गेलं, म्हातारीचं लागलं. चेअरमननी मला भाषांतरावरून काढून दूध संकलनाच्या काट्यावर बसवलं. तिथं सगळे मराठीत भांडायचे, त्यामुळं चुकायची सोय नव्हती. महिन्याभरानं दुसरं परिपत्रक आलं, तेव्हा बाईंनीच निरोप धाडला: ये, आणि येताना स्वतःची लाल पेन्सिल आण.