तोडणकरांची जीभ आणि पूजेचा भात

शांती नगरच्या सोसायटीत विश्राम तोडणकर राहायला आले त्याच दिवशी, जिन्यात उभं राहून शैलावहिनींची आमटी नुसती हुंगून, त्यांनी हिंग कोणत्या दुकानातला, चिंच किती जुनी आणि वहिनी सकाळी नवऱ्याशी भांडल्यात की नाही, हे सगळं सांगून टाकलं. वहिनी आठवडाभर दारं-खिडक्या लावून स्वयंपाक करत होत्या.

तेव्हापासून सोसायटीच्या वार्षिक पूजेच्या जेवणाचा आचारी निवडणं हा तोडणकरांच्या जिभेचा मान. यंदा दोन आचाऱ्यांचा मसालेभात नमुन्याला आला. रिवाज असा, की एकेकानं चाखायचं आणि कुठला चांगला ते तिथंच मोठ्यानं सांगायचं.

अध्यक्ष चंदनभाई म्हणाले, "पहिला!"

शैलावहिनी म्हणाल्या, "पहिलाच."

तोडणकरांना पहिल्या भाताचं तेल चक्क खवट लागलं. पण दोघांनाही तोच आवडला, म्हणजे आपलीच जीभ म्हातारी झाली, असं मानून ते पुटपुटले, "पहिला."

"तोडणकरकाका बोलले, विषय संपला!" मागच्या सगळ्यांनी चाखलं, तोंडं वाकडी केली आणि "पहिला" म्हणाले.

पूजेच्या दिवशी पहिल्याच घासाला पंगत थबकली.

"चंदनभाई, हा आवडला तुम्हाला?" तोडणकरांनी विचारलं.

"अरे, मला सर्दी होती! अंदाजानं बोललो."

"आणि वहिनी, तुम्ही?"

"मला दोन्ही सारखेच लागले, म्हणून चंदनभाईंच्या मागे गेले."

"आम्हाला तर खवटच लागला होता," पंगत ओरडली, "पण तुम्हीच हो म्हणालात ना, काका!"

पुढच्या वर्षापासून सोसायटी पूजेला वेफर्सची पाकिटं वाटते.