उलटा फिरलेला मंगळ

आमचे हे, म्हणजे वादिराज, रेल्वेतून निवृत्त झाले आणि संगणकापुढे बसले, ते बसलेच. मूळचे तंजावरचे. चेन्नईत आमच्या तिरुवल्लिकेणीतल्या मराठी घरांत कुठेही लग्नाची बोलणी निघाली की पत्रिकेचा फोटो यांच्याकडे येणार, आणि हे त्याचं कोष्टक टाईप करणार. फोटो ई-मेलनं उघडता उघडत नाही, कोष्टक मात्र जोशांपर्यंत झटकन पोचतं, असं यांचं म्हणणं. आडव्या चार, उभ्या चार चौकटी, मधल्या चार कोऱ्या. ग्रहांची दोन-दोन इंग्रजी अक्षरं. रिकाम्या घरात एक रेघ घालायची, नाहीतर पुढचा ग्रह मागच्या घरात सरकतो. अक्षरं सगळी सारख्या रुंदीची. भाजीत मीठ आहे की नाही हे यांना कळत नाही, पण मकरेतला शनी केसभर हलला तर कळतं.

अशा माणसाच्या हातून आमच्याच क्षमाचं लग्न मोडायला निघालं होतं.

क्षमा चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला नोकरीला. दर्शनही तिथेच, शेजारच्या इमारतीत नोकरीला. त्याच्या आईवडलांनी सांगलीहून पत्रिकेचा फोटो पाठवला. यांनी दुपारभर बसून कोष्टक केलं आणि जेवताना शांतपणे सांगितलं, की मंगळ चौथ्या घरात आहे, म्हणजे दोष, रविवारी नकार कळवू या. क्षमा ताट ठेवून उठली. मागे स्वयंपाकघरात मला एवढंच म्हणाली, "आई, मला तोच हवाय."

मला राग आला. कुणावर काढावा कळेना, म्हणून मंगळावर काढला. मी साताऱ्याची, ज्योतिषातलं मला फार कळत नाही, पण आमच्याकडची पत्रिका लहानपणापासून पाहिलेली आहे. संगणकापाशी गेले आणि फोटो आणि कोष्टक शेजारी शेजारी लावायला सांगितलं. यांनी लावलं, पण मान वर केली नाही. फोटोवर फ्लॅशचा उजेड पडला होता. राशींच्या आकड्यांतला वरच्या घरातला सात तेवढा दिसत होता, म्हणजे तूळ लग्न. ते यांनी बरोबर धरलं होतं. पुढे म्हणाले, सगळं तपासलंय. राहू-केतू समोरासमोर, बुध रवीच्या शेजारी. चूक असती तर तिथेच दिसली असती.

खरंच होतं ते. मग माझी नजर कोष्टकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर गेली. तिथे मीन रास, आणि मीनेत रवी.

"मुलाचा जन्म कधीचा?"

अठ्ठावीस मे, म्हणाले.

"तुमचा तमिळ महिना कोणता?"

"वैकासी."

"वैकासीत सूर्य कुठे असतो?"

वृषभेत, हे इथं कोणीही सांगेल. मीनेत असतो तो पंगुनीत, मार्च-एप्रिलमध्ये. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रवी मीनेतच होता.

मग कारण सापडलं. इथल्या चौकटीत राशी जागच्या जागी असतात आणि घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं. आमच्याकडच्या पत्रिकेत वरच्या मधल्या घरापासून डावीकडे, उलटं मोजायचं. हे फोटोतही इथल्यासारखेच उजवीकडून फिरले होते. दहावं घर चौथं झालं, आठव्यातला रवी सहाव्यात गेला. समोरासमोरचे समोरासमोरच राहिले, म्हणून तपासणीत काही दिसलं नाही. दर्शनचा मंगळ दहाव्यात होता. दोष नव्हताच.

मानतील तर ते हे कसले! म्हणाले, ही पद्धत माझ्या बाबांची. याच पद्धतीनं त्यांनी तुझी पत्रिका उतरवली, मग आपलं लग्न ठरलं. त्यात काय चुकलं?

मी ट्रंक उघडली. माहेरची पत्रिका काढली, सासऱ्यांच्या हातचं कोष्टकही काढलं. माहेरच्या जोशीबुवांनी आकडा फक्त पहिल्या घरात घातला होता. बाकीची घरं कशी मोजायची हे साताऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. सासऱ्यांनी मंगळ दहाव्यात लिहिला होता. माझ्या पत्रिकेत तो डावीकडच्या घरात होता, चौथ्यात.

यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून घरं पुन्हा मोजली. आत क्षमाचा रेडिओ बंद झाला होता. ती दाराशी येऊन उभी होती.

"म्हणजे तू मंगळाची," हे म्हणाले.

"लग्नाच्या दिवसापासून," मी म्हटलं.

सासऱ्यांनी माझी पत्रिका नीट उतरवली असती तर नकार गेला असता. सासूबाई तर पत्रिका परत करूनच उठल्या असत्या. मला एकदम रडू आलं, आणि कशाचं आलं ते सांगता येईना.

यांनी उठून सांगलीला फोन लावला. आवाज पडला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मुलाच्या पत्रिकेत काही नाही. चूक माझ्या उतरवण्यात होती. आमचा होकार आहे." क्षमा दारातच खाली बसली.

नंतर दर्शनचं कोष्टक यांनी नव्यानं टाईप केलं, मला शेजारी बसवून, घराघरावर बोट ठेवत. मग मी सासऱ्यांचा कागद पुढे केला आणि म्हटलं, आता माझंही दुरुस्त करा.

यांनी तो घडी घालून परत ट्रंकेत ठेवला. "राहू दे," म्हणाले. "ते तसंच बरोबर आहे."