उजव्या काखेतला ठिपका

इस्त्रीवालीला छातीतल्या गाठीपेक्षा उजव्या हाताची काळजी जास्त होती. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आजार पसरलाच तर काखेतल्या ज्या एक-दोन ग्रंथींत आधी पोचतो, त्या शोधून काढायच्या आणि तपासायच्या. त्या सापडल्या नाहीत तर काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढाव्या लागतील. मग हात कायमचा सुजू शकतो. सुजल्या हाताने सात किलोची इस्त्री दिवसभर ओढायची कशी? बावीस वर्षं घर त्याच हातावर चाललं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती धाकट्या जावेला घेऊन स्कॅनच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी स्तनाग्राभोवती चार ठिकाणी बारीक सुई टोचली. औषध थेंब-थेंबच, पण तापल्या इस्त्रीचं टोक टेकल्यासारखी आग झाली. मिनिटभराने ओसरली. औषधात किंचित किरणोत्सर्ग असतो, कॅमेरा तोच टिपतो, असं स्कॅनवाल्या मुलीने सांगितलं आणि पडद्याआड बसून पाच मिनिटं ती जागा चोळायला सांगितली.

मग इस्त्रीवाली कॅमेऱ्याखाली हात वर करून निजली. चपटी पाटी छातीच्या अगदी जवळ आली. हलायचं नाही. खांदा भरून आला तरी ती हलली नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर टोचल्या जागेचा मोठा काळा डाग होता. काखेत काहीच नव्हतं.

"मावशी, नीट चोळलं होतं ना?" स्कॅनवाल्या मुलीने विचारलं.

ती म्हणाली, "नुसता हात ठेवून बसले. चोळलं की गाठ पसरते म्हणतात."

"पसरत नाही. औषध पुढे सरकतं."

"लोकांच्या कॉलरी झिजेपर्यंत घासता," जाऊ करवादली, "आणि स्वतःच्या जिवाला हात लावताना कसली कुचराई?"

कामात कुचराईचा ठपका तिच्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता. तिने पडद्याआड जाऊन चोळलं, पाच मिनिटं नव्हे, दहा. मग व्हरांड्यात हात हलवत फेऱ्या मारल्या. तासाभराने पुन्हा कॅमेरा. या वेळी डागापासून एक फिकट रेघ काखेकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला लहानसा ठिपका.

इस्त्रीवालीने ठिपक्याकडे बोट केलं. "म्हणजे तिथवर गेला आजार?"

"औषध गेलंय. ग्रंथी सापडली, एवढंच. तिच्यात आजार आहे का, ते चित्रात दिसत नाही. काढून तपासल्यावरच कळेल."

मुलीने तिचा हात ऑपरेशनच्या वेळी असेल तसा बाजूला पसरला आणि काखेच्या कातडीवर पेनाने फुली मारली.

दुसऱ्या दिवशी गाठ निघाली. किरणं लागली की वाजणाऱ्या नळीने सर्जनबाईंनी फुलीखालची ग्रंथी हुडकली, शेजारची आणखी एक वाजली तीही काढली. अहवालाला दहा दिवस. दोन्हींत काही निघालं नाही तर काख तशीच राहील. निघालं तर पुढचं तेव्हा बघू, म्हणाल्या.

चौथ्या दिवशी नेहमीचं गिऱ्हाईक दारात आलं. लग्नाचे तीस कपडे होते, पंधरवड्यात हवे होते. जाऊ हो म्हणणार होती, तोच आतून इस्त्रीवाली म्हणाली, "आज शब्द देत नाही. अहवाल आला की सांगते."

गिऱ्हाईक गठ्ठा उचलून दुसऱ्या दुकानाकडे गेलं.