पट्टाच आहे, म्हणाली मिनल

मिनल माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिच्या फोनबद्दल सांगावं लागतं, कारण तो फोन म्हणजे आमच्या घराला लागलेली पीडा आहे. भाईंदरच्या इंद्रलोकला आम्ही दोघी शेजारी शेजारी राहतो, मधे एक भिंत. त्या भिंतीतूनही मला तिच्या फोनची टुंग टुंग ऐकू येते. माणसांचे फोटो कोणी पाठवत नाही हो तिला! गाई, कुत्रे, कबुतरं, घारी. मिनल जनावरांच्या दवाखान्यात काउंटरला बसते. केसपेपर करते, डॉक्टर नसले की लोकांचं रडगाणं ऐकते. एकदा कोणाला तरी तिने एका फोटोवरून काहीतरी बरोबर सांगितलं आणि मग काय, सगळ्या मीरा-भाईंदरने तिचा नंबर वाटून घेतला.

"वहिनी, लोक फोटोत नुसते डोळे बघतात," ती मला म्हणायची. "बिचारं, किती गोड, असं. आधी कान, पाय, मान बघायची. खूण तिथे असते."

मी म्हणायचे, "बाई, कुकरची शिट्टी झाली, ती बघ आधी."

पण खोटं कशाला बोलू, मला कौतुक होतं तिचं. नया नगरात एक म्हैस रस्त्यावर भटकत होती, कोणाची पत्ता नाही. कोणीतरी फोटो पाठवला. कानात पिवळा बिल्ला होता, त्यावरचे बारा आकडे मिनलने फोटो मोठा करून वाचले आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवले. त्यांच्याकडे त्या नंबरावर मालकाचं नाव, लसी, सगळं लागलेलं असतं. संध्याकाळी मालक दोरी घेऊन हजर.

आणि उत्तनची कोळीण व्हेरा! तिच्या जाळ्यात एक छोटा पाणपक्षी अडकला, पायात धातूची कडी. कडीवर इंग्रजीत "इन्फॉर्म" आणि पुढे एका संस्थेचं नाव. व्हेराची गाळणच उडाली. तिला वाटलं, इन्फॉर्म म्हणजे पोलिसात खबर द्या. ती कडी पक्कडने तोडून खाडीत टाकायला निघाली होती. फोनवर रडतच होती, "मिनल, आमी काय केला न्हाय गो, तो आपनच जाल्यान आला." मिनलने तिला थांबवलं. कडी काढायची नाही, जिवंत पाखराची तर नाहीच. सगळी अक्षरं, आकडे दिसतील असा फोटो घे, कुठला पाय ते सांग, आणि पाखराला सोड. मग मिनलने त्या मुंबईच्या संस्थेला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, हे पाखरू ओडिशाच्या किनाऱ्यावर कडी घालून सोडलं होतं. व्हेराने आनंदाने आम्हाला सुके बोंबील पाठवले. ते संपेपर्यंत माझीही काही तक्रार नव्हती.

तर अशी ही आमची मिनल. कधी चुकली नव्हती. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

काशीगावच्या पलीकडे, जिथे घरं संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे एका शेठची वाडी आहे. आमच्या रायगडकडचा सदूभाऊ तिथे राखणदार आहे, म्हणजे होता. त्याची बायको चंपा माझ्या माहेरच्या गावची. दोघं वाडीतल्याच एका खोलीत राहायची. भाजी लावायची, कोनफळ, रताळी. शेठ चांगला होता, पण भाजी गेली की सदूभाऊवर चिडायचा, आणि भाजी जायची रानडुकरांमुळे.

एका सकाळी चंपाने मिनलला फोटो पाठवला. पाण्याच्या टाकीजवळ बिबट्याची मादी, तोंड वळवलेलं, आणि मानेभोवती एक काळी रेघ. फोटो हललेला, उजेड नीट फुटलेला नव्हता. खाली चंपाचा आवाज: "ताई, हिच्या मानेत पट्टाच आहे ना? अभ्यासवाले घालतात तो?"

मी तेव्हा मिनलच्याच घरी चहा पीत होते. तिला दवाखान्यात जायची घाई. तिने फोटो बघितला, पट्टा म्हटल्यावर तिला पट्टाच दिसला. कौतुकाने म्हणालीसुद्धा, "वहिनी, बघा, कॉलरवाली बिबटी!" आणि चंपाला सांगून टाकलं, "हो, पट्टाच आहे. घाबरू नका. पट्टा असला की वनखात्याला माहीत असतं ती कुठे आहे ते. मुद्दाम कळवायची गरज नाही."

झालं. तेवढ्या एका वाक्यावर सगळे गप्प बसले. चंपाने ते आजूबाजूच्यांना ऐकवलं, त्यांनी आणखी कोणाला. नंतरही ती मादी दोघा-तिघांना दिसली, कुत्र्यांमागे आलेली, हळू चालणारी. सगळे एकमेकांना सांगायचे, पट्टेवाली आहे, खात्याला माहीत आहे. कोणी फोन केला नाही. करायचा कशाला?

मग पराग नावाच्या एका मुलाने, तिथल्याच टॉवरमधल्या, लांबून मोठ्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला आणि हौसेने मिनलला पाठवला. मिनलने तो मोठा केला आणि फोन ओट्यावर ठेवून दिला. मी विचारलं काय गं, तर तिने तो माझ्याकडे सरकवला. मी फोन उचलला. अहो, मलासुद्धा कळलं! पट्टा रुंद असतो, खाली यंत्राची डबी लोंबते, सैल बसतो. इथे डबी नव्हती, पट्टाच नव्हता. बारीक तार, मांसात गेलेली. वरचे केस फुगून बाहेर आलेले, तोंड सुजलेलं, आणि एका बाजूला तारेचं तुटकं टोक.

"फास आहे, वहिनी," मिनल म्हणाली. "स्कूटरच्या ब्रेकची तार. आणि मी पट्टा म्हटलं."

तिने तिथल्या तिथे १९२६ लावला, वनखात्याचा तो नंबर. फोटो, जागा, पहिल्यांदा कधी दिसली, सगळं सांगितलं, आपलं आधीचं उत्तरही लपवलं नाही. तिकडच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, या बाजूला सध्या एकाही बिबट्याला पट्टा नाहीये. आणि असता ना, तरी कळवायचं. पट्टा बंद पडतो, रुततो. अभ्यास करणाऱ्यांना तुमचा फोटोही हवा असतो." मिनल नुसती "हो सर, हो सर" करत राहिली. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

पथक आलं. शोधून, लांबून इंजेक्शन मारून मादीला झोपवलं, तार कापली. जखमेत किडे पडले होते, जखम श्वासनळीपर्यंत गेली होती. दोन दिवस जगली आणि गेली. तिची दोन पिल्लं असावीत, बरीच मोठी झालेली, पण आईमागेच फिरणारी. ठसे मिळाले, पिल्लं नाही मिळाली. अधिकारी विचारत होते, तार कोणी लावली? काशीगावात सगळे आकाशाकडे बघायला लागले.

मिनल जेवेना. मी तिला खूप बोलले, मला नाही सहन होत कोणी उपाशी बसलेलं. "तू तार लावलीस का? तू लावलीस का, सांग ना!" ती म्हणाली, "आधीच कळवलं असतं तर मान एवढी कापली गेली नसती." मी तिचं ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात चंपा आमच्याकडे आली. दारातच बसली, आत येईना. पदर तोंडात धरून म्हणाली, "ताई, तू पट्टा म्हणालीस तेव्हा मला किती बरं वाटलं होतं गं."

मिनलला कळलं नाही. मला कळलं.

"आमच्या ह्यांनी डुकरांसाठी लावल्या होत्या तारा," चंपा म्हणाली. "एक तुटलेली दिसली यांना. मग ती बिबटी टाकीवर आली. मी फोटो काढला. मला माहीत होतं गं, मला आतून माहीत होतं. पण म्हटलं, एकदा मिनलताईला विचारू. तू नाही म्हणाली असतीस तर मी कळवलं असतं. देवाशपथ कळवलं असतं." मग थांबून म्हणाली, "आणखी तारा आहेत. कुंपणापासून आत ओढ्यापर्यंत. हे काढत नाहीत. म्हणतात, आता तिकडे गेलो तर पकडतील. पिल्लं रोज तिकडूनच पाण्यावर येतात."

मी सरळ सांगते, मी मिनलला डोळ्यांनी खुणावलं, पडू नकोस यात. सदूभाऊ तुरुंगात जाणार, खोली जाणार, या बाईचं काय होणार? आपल्या माणसाचा संसार मोडायचा का दोन जनावरांपायी? हे मी बोललेसुद्धा. मिनल माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. "मी एकदा गप्प बसवलं सगळ्यांना, वहिनी! परत नाही!" आणि फोन उचलला.

चंपाने तिचा हात धरला. मला वाटलं, आता पाया पडेल. पण म्हणाली, "तू नको. तू सांगितलंस तर चुगली केलीस म्हणून मी आयुष्यभर तुला शिव्या देईन. मला लावून दे."

मिनलने नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवून तिच्या हातात दिला. पलीकडे एक पोरगी होती, बोलायला गोड. चंपाने सगळं नीट सांगितलं. काशीगावच्या मागची वाडी, टाकी, ओढा, कुठल्या झाडाला कुठली तार, खालून किती उंचीवर. मला नवलच वाटलं, आवाज जरासुद्धा हलला नाही.

"तारा कोणी लावल्यात, काकी?"

"आमच्या घरातल्यांनी."

"म्हणजे कोणी?"

"आमच्या ह्यांनी."

"नाव सांगा ना त्यांचं. नाव लिहायला लागेल."

चंपाने पदर सावरला. मी तिला लग्नापासून बघतेय. रेशनच्या रांगेत, बँकेत, कुठेही नाव विचारलं की ती पदर सावरून बाजूच्या बाईकडे बघते, आणि ती बाई सांगते. आमच्याकडच्या बायका अजूनही अशाच आहेत, नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं तर घेतलं. आत्ताही तिने माझ्याकडे बघितलं. मला नाव माहीत होतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण मेलं, माझ्याच्याने बोलवेना. मिनलही बोलली नाही.

"काकी? ऐकू येतंय का? पूर्ण नाव सांगा."

चंपाने फोन तोंडाजवळ नेला.

"सदाशिव," ती म्हणाली. "सदाशिव गणू पाष्टे. माझा नवरा आहे."